साडेसात मीटरची रेघ : प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर

खानापूर तालुक्यातल्या या शाळेच्या व्हरांड्यात दोन खांबांमध्ये नवा गिलावा झालेली सपाट भिंत आहे. डाव्या खांबापासून उजव्यापर्यंत टेपने ८ मीटर ३ सेंमी भरते. तिच्यावर एक आडवी रेघ रंगवायची. पहिला तुकडा १ मीटरचा, त्याला लागून अर्धा मीटर, मग एक तृतीयांश, एक चतुर्थांश, असं करत एक हजारावा तुकडा. मीटर हे माप घेतलं की हजारावा तुकडा बरोबर १ मिलिमीटरचा होतो, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे तुकडे डोळ्यांना दिसतात. म्हणूनच फूट सोडून मीटर घेतला.

पहिला प्रश्न व्यवहाराचा: रेघ भिंतीवर मावेल का? हजार गुणाकार व्यस्तांची बेरीज न करता याचं उत्तर हवं.

जुनी युक्ती गट पाडण्याची. चौदाव्या शतकात ओरेम या फ्रेंच पंडिताने तिच्यावरूनच दाखवलं होतं की ही बेरीज कुठे थांबत नाही. १ हा एक गट, २ व ३ दुसरा, ४ ते ७ तिसरा, ८ ते १५ चौथा. प्रत्येक गटाची बेरीज अर्ध्यापेक्षा जास्त आणि फार तर एक. ५११ पर्यंत नऊ गट पूर्ण होतात, म्हणून बेरीज साडेचारच्या वर. १०२३ पर्यंत दहा गट, म्हणून दहाच्या आत. साडेचार ते दहा मीटर ही मर्यादा खरी आहे, पण ८ मीटरच्या भिंतीला तिचा काही उपयोग नाही.

दुसरी युक्ती क्षेत्रफळाची. आलेखाच्या कागदावर १/x चा वक्र काढला. १ ते २ या रुंदीवर १ उंचीचा आयत, २ ते ३ वर १/२ उंचीचा, आणि असंच पुढे. हे आयत म्हणजेच आपले तुकडे. प्रत्येक आयताचा वरचा डावा कोपरा वक्रावर टेकतो आणि वरची बाकीची कड वक्राच्या वर राहते. त्यामुळे हजार आयतांचं क्षेत्रफळ हे वक्राखालच्या १ ते १००१ या क्षेत्रफळापेक्षा जास्त, म्हणजे १००१ च्या नैसर्गिक लॉगपेक्षा जास्त: ६.९०८८. तेच आयत एक घर डावीकडे सरकवले की पहिला सोडून सगळे वक्राखाली जातात. मग बेरीज १ + हजारचा लॉग यापेक्षा कमी: ७.९०७८.

वरची मर्यादा ७ मीटर ९१ सेंमीच्या आत आणि भिंत ८ मीटर ३ सेंमीची. रेघ मावणार. काम पुढे न्यायला हरकत नाही.

२० नोव्हेंबर

वक्राखालच्या क्षेत्रफळाला लॉग का म्हणायचं, हे आठवी-नववीच्या पोरांना सूत्राशिवाय दाखवता येतं. १ ते २ मधला तुकडा घ्या. त्याची रुंदी दुप्पट ताणा आणि उंची निम्मी दाबा. क्षेत्रफळ तेवढंच राहतं, आणि १/x चा वक्र असल्यामुळे तो तुकडा बरोबर २ ते ४ मधल्या तुकड्यावर जाऊन बसतो. तसाच ४ ते ८ वर, ८ ते १६ वर. संख्या दरवेळी दुप्पट होते, क्षेत्रफळात मात्र तेवढीच भर पडते. गुणाकार केला की बेरीज होते, आणि लॉगचं काम तेच.

आपली रेघ आयतांची आहे, वक्राची नाही. म्हणून तिच्यात दुप्पट करताना नेमकी तेवढीच भर पडत नाही, पण हळूहळू एका आकड्याजवळ जाते. १ वरून २ वर जाताना ५०.० सेंमी, २ वरून ४ वर ५८.३, ४ वरून ८ वर ६३.५, ८ वरून १६ वर ६६.३, १६ वरून ३२ वर ६७.८, ३२ वरून ६४ वर ६८.५. हे आकडे ६९.३ कडे, म्हणजे २ च्या लॉगकडे, चालले आहेत. उरलेली तूट दर पायरीला साधारण निम्मी होते: १९.३, ११.०, ५.९, ३.०, १.५, ०.८. पाचशेवरून हजारवर जाताना ६९.२६ सेंमी भरतात, म्हणजे ६९.३१ पेक्षा अर्धा मिलिमीटर कमी.

भिंतीवर १, २, ४, ८ … ५१२ या खुणा निळ्या रंगात ठेवायचं ठरलं. डावीकडे त्या जवळजवळ असतील आणि उजवीकडे सारख्या अंतरावर येतील. सूत्र न सांगताही लॉग दिसेल.

२३ नोव्हेंबर

पट्ट्या कापून चिकटवायची कल्पना सोडून दिली. कारण नीट लिहून ठेवतो, कारण ही चूक पहिल्या नजरेला चूक वाटत नाही.

बेत असा होता: प्रत्येक तुकड्याची लांबी जवळच्या मिलिमीटरला पूर्ण करायची, तेवढी कागदी पट्टी कापायची आणि एकापुढे एक लावायची. प्रत्येक पट्टीत चूक जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर. काही पट्ट्या थोड्या लांब, काही थोड्या आखूड, चुका एकमेकींना खाऊन टाकतील असं वाटत होतं. कापण्याआधी फक्त यादी करून बेरीज घेतली. ती आली ७४४९ मिलिमीटर. खरी लांबी ७४८५.५. म्हणजे रेघ साडेतीन सेंमीपेक्षाही जास्त आखूड.

तूट कुठून आली ते शोधायला यादीचे तीन भाग पाडले. ६६७ ते १००० हे ३३४ तुकडे दीड मिलिमीटरपेक्षा आखूड आणि १ मिमी किंवा त्याहून लांब. सगळे पूर्ण करून १ मिमी झाले, म्हणजे ३३४ मिमी. त्यांची खरी बेरीज ४०६.२. इथेच ७२ मिमी गेले. ४०१ ते ६६६ हे २६६ तुकडे सगळे २ मिमी झाले, म्हणजे ५३२; खरी बेरीज ५०९.३, इथे जवळजवळ २३ मिमी जास्त. पहिल्या चारशेत आणखी १३ मिमी जास्त. हिशोब जुळला: ७२ वजा २३ वजा १३ म्हणजे ३६.

चुका एकमेकींना खातात हे खरं, पण त्या दोन्ही बाजूंना सारख्या विखुरलेल्या असतील तर. इथे शेवटच्या तिसऱ्या भागातल्या सगळ्या चुका एकाच बाजूच्या आहेत, कारण एक मिमीपेक्षा छोटा तुकडा यादीत नाहीच आणि वर पूर्ण होऊन १ होणारा कुणी नाही.

जाता जाता: मिलिमीटरखालचं सरळ सोडून दिलं असतं तर बेरीज ७०६९ आली असती. हा आकडा ओळखीचा आहे. १ ते १००० पर्यंतच्या प्रत्येक संख्येला किती विभाजक आहेत ते मोजून सगळे मिळवले की तोच येतो. सहावीच्या वर्गाला वेगळा खेळ म्हणून चांगला.

म्हणून नवा नियम: कुठलाही तुकडा आधीच्या तुकड्याच्या टोकापासून मोजायचा नाही. प्रत्येक खूण डाव्या टोकापासून, शून्यापासून मोजायची. मग पूर्ण करण्याची चूक कुठेही अर्ध्या मिमीच्या वर जात नाही. त्यासाठी मात्र हव्या त्या संख्येपर्यंतची बेरीज थेट मिळायला हवी.

२७ नोव्हेंबर

आज मुख्य हिशोब. १८ तारखेच्या दोन मर्यादांमध्ये एक मीटरचं अंतर होतं, ते एक मिलिमीटरच्या आत आणायचं.

आयत वक्राच्या वर किती राहतो? आयताच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात जवळजवळ त्रिकोणी फट उरते. वक्र सरळ असता तर ती नेमका त्रिकोण झाली असती. सगळे त्रिकोण पहिल्या आयतात सरकवून एकावर एक ठेवले की त्यांच्या उंच्या १ पासून १/१००० पर्यंत सलग भरतात, म्हणून त्रिकोणांचं क्षेत्रफळ त्या पट्टीच्या निम्मं. हे धरून बेरीज येते: हजारचा लॉग ६.९०७७५५, अधिक अर्धा, अधिक हजाराव्याचा अर्धा म्हणजे ०.०००५. एकूण ७.४०८२५५. ही मर्यादा अजून खालची आहे, कारण वक्र आतल्या बाजूला वाकलेला आहे आणि फट त्रिकोणापेक्षा किंचित मोठी असते. खऱ्या लांबीपेक्षा आपण अजून ७७ मिमी मागे आहोत.

हे ७७ मिमी कुठे आहेत? १ ते २ या पायरीत समलंब चौकोन ०.७५ आणि वक्राखालचं क्षेत्रफळ ०.६९३१५, फरक ५६.९ मिमी. २ ते ३ मध्ये ११.२ मिमी. ३ ते ४ मध्ये ४.० मिमी. पहिल्या तीन पायऱ्यांतच ७२ मिमी संपले. बाकी नऊशे शहाण्णव पायऱ्यांत मिळून पाच.

म्हणजे सुरुवात वाकडी आहे आणि शेपटी सरळ आहे. मग वाकडा भाग हाताने मोजावा आणि शेपटीला सूत्र लावावं. पहिल्या दहा व्यस्तांची बेरीज सहा दशांशांपर्यंत कागदावर दहा मिनिटांत होते: २.९२८९६८. (अपूर्णांकात ७३८१/२५२०, पडताळा म्हणून.) आता १० ते १००० या भागाला तीच त्रिकोणाची युक्ती; H(10) म्हणजे ही पहिल्या दहांची बेरीज आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉग:

```
H(10)                  2.928968
ln(1000/10) = 2 ln 10  4.605170
(1/1000 - 1/10) / 2   -0.049500
                       --------
                       7.484638
```

खऱ्या लांबीपेक्षा फक्त ०.८ मिमी कमी. टेपवर वाचायला एवढं पुरेसं आहे, पण उरलेली फटही मोजता येते. कुठल्याही n या पायरीत वक्र वाकल्यामुळे उरणारी फट साधारण १/(6n³) असते. दहापासून पुढच्या सगळ्या फटींची बेरीज (1/10² − 1/1000²)/12 येते, म्हणजे ०.०००८३३:

```
7.484638 + 0.000833 = 7.485471
```

खरी बेरीज ७.४८५४७०८६. सहा दशांश जुळले, आणि व्यस्त फक्त दहा मिळवले.

इथे एक मोह होतो तो टाळायचा. ही वाकण्याची दुरुस्ती चालते तर दहाची बेरीज तरी कशाला, १ पासूनच सूत्र लावावं! करून पाहिलं. एकपासून ही फट १/१२, म्हणजे ८३.३ मिमी येते; हवेत ७७.२. सहा मिमी जास्त. मग सूत्राचं पुढचं पद घ्या, −१/१२०: आता २.२ मिमी कमी. पुढचं +१/२५२: १.८ मिमी जास्त. पुढचं −१/२४०: २.४ कमी. पुढचं +१/१३२: ५.२ जास्त. त्याच्या पुढचं घेतलं तर १६ मिमी कमी. पदं वाढवावीत तशी चूक आधी घटते आणि मग फुगत जाते. हा हिशोबातला दोष नाही. या सूत्राची जातच तशी आहे: काही पदांपर्यंत साथ देतं, पुढे बिघडतं. दहापासून लावलं की तीच पदं शंभराने, दहा हजाराने भागली जातात आणि बिघडण्याची पाळी कितीतरी लांब जाते. आपल्याला तर एकच पद पुरलं.

कसं ओळखायचं? मिळवलेलं पद आधीच्या पदापेक्षा मोठं व्हायला लागलं की थांबायचं. आणि हवी तेवढी अचूकता त्याआधी आली नाही तर हाताने मोजायचा भाग दहावरून वीसवर न्यायचा.

२८ नोव्हेंबर

रोजच्या वापराला एकच ओळ पुरते. बेरजेतून लॉग वजा केला की जे उरतं ते मोठ्या संख्यांसाठी एका ठरावीक आकड्याजवळ स्थिरावतं: ०.५७७२१५६६४९. ऑयलरने तो १७३४ साली मांडला. आज त्याला गॅमा म्हणतात. वरच्या अर्ध्यात ७७ मिमी मिळवले की हाच आकडा, ०.५७७२. (मास्केरोनीने १७९० मध्ये तो ३२ दशांशांपर्यंत दिला, पण त्यातले १९च बरोबर होते. हाताने केलेल्या लांब बेरजांचं असं होतं.)

ओळ अशी:

```
H(n) ≈ ln(n + 0.5) + 0.5772156649
```

अर्धा मिळवायची गंमत म्हणजे त्रिकोणाची दुरुस्ती आपोआप आत येते. वेगळं १/(2n) मिळवायला नको. हजारसाठी ७.४८५४७०८२ येतं, आठव्या दशांशात चारचा फरक.

लहान संख्यांना मात्र ही ओळ लावू नये. १ ला १७ मिमी कमी देते, ४ ला २ मिमी, १० ला ०.४ मिमी. भिंतीवर पहिल्या दहा खुणा हाताच्या बेरजेने आणि अकरापासून सूत्राने.

२ डिसेंबर

यादी तिघांनी वेगवेगळी केली: एकाने लॉग टेबलवर, एकाने शाळेच्या संगणकावर, एकाने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर. तिन्ही जुळवताना दोन फरक सापडले.

कॅल्क्युलेटरवर हजारची बेरीज ३.५७७ आली. `log` हे बटण दहा पायाचं असतं, हजारला ३ देतं. `ln` दाबायला हवं. हिशोबाच्या तक्त्यातही `LOG(1000)` ३ देतो आणि `LN(1000)` ६.९०७७५५. पायथॉनमध्ये उलट, `math.log` हाच नैसर्गिक. उत्तर निम्म्याच्याही खाली आलं की आधी हेच तपासायचं.

संगणकावरची बेरीज बरोबर ०.००१ ने कमी आली. एवढा गोल फरक दिसला की एक पद सुटलंय हे समजावं, आणि ते हजारावं. `range(1, 1000)` हा ९९९ ला थांबतो.

```python
import math
h = sum(1/k for k in range(1, 1001))
print(round(h, 8))
print(round(math.log(1000.5) + 0.5772156649, 8))
```

पहिली ओळ `7.48547086` देते, दुसरी `7.48547082`.

लॉग टेबलवाल्याची यादी सगळ्यांत संथ झाली पण एकही चूक नव्हती. चार आकडी टेबलात दहा पायाचा लॉग मिळतो, त्याला २.३०२६ ने गुणायचं. ७०० साठी: टेबलात ७ समोर ०.८४५१, म्हणून २.८४५१, गुणून ६.५५११; गॅमा ०.५७७२ आणि १/१४०० म्हणजे ०.०००७ मिळवून ७.१२९०. टेबलात जास्तीत जास्त चूक ०.००००५, म्हणजे गुणून ०.१ मिमी. भिंतीला यापेक्षा जास्त लागत नाही, आणि लॉग टेबल जवळपास प्रत्येक शाळेच्या कपाटात पडून असतं.

पक्की यादी, मीटरमध्ये: १० ला २.९२९०, २० ला ३.५९७७, ५० ला ४.४९९२, १०० ला ५.१८७४, २०० ला ५.८७८०, ५०० ला ६.७९२८, १००० ला ७.४८५५. बाकीच्या खुणा वहीत.

५ डिसेंबर

भिंतीवर काम. आधी पाण्याच्या नळीने दोन्ही खांबांवर समपातळी घेतली, मग गेरू लावलेलं सूत ताणून मारलं. ओळ सरळ नसेल तर मापं वाढतात, पण आठ मीटरमध्ये मध्यभागी १ सेंमी झोळ आला तरी लांबी जेमतेम ०.०३ मिमीने बदलते. तिथे वेळ घालवला नाही.

टेप खरी अडचण. गवंडीमामांच्या टेपचं टोकाचं हूक थोडं सैल होतं. हे हूक मुद्दामच सैल असतं, पण मिलिमीटरच्या कामात त्यावर विसंबू नये. म्हणून १० सेंमीची खूण शून्यावर धरली आणि प्रत्येक वाचनात १०० मिमी मिळवले. यादीतच दुसरा रकाना केला, नाहीतर एखाद्या खुणेला मिळवायचं विसरून ती बरोबर १०० मिमी डावीकडे जाते.

मामांनी विचारलं, "सर, हे फुटात किती?" त्यांच्या हिशोबात शेवटची खूण २४ फूट ६ इंच साडेपाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीपेक्षा जरा जास्त. ६६७ नंतरचे तुकडे अर्ध्या सुतापेक्षाही बारीक आहेत, म्हणून वाचन फक्त मिलिमीटरच्या बाजूने करायचं ठरलं. मामांना हे लगेच पटलं. अर्ध्या सुताखाली तेही बोलत नाहीत.

खुणा सकाळी आठ ते दहामध्ये उरकल्या. पोलादी टेप २०° ला बरोबर असते आणि दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०११५ मिमी लांबते. दुपारी उन्हात टेप ३०° वर गेली तर साडेसात मीटरला जवळजवळ ०.९ मिमी फरक, म्हणजे शेवटचा अख्खा तुकडा. व्हरांड्याच्या सावलीत सकाळी हा प्रश्न राहिला नाही.

हजारही खुणा रंगवायच्या नाहीत. शंभरपर्यंत प्रत्येक, कारण शंभरावा तुकडा १ सेंमीचा आहे. पुढे दर दहाव्याला आखूड रेघ आणि दर शंभराव्याला लांब. ९०० ते १००० मधली शंभर तुकड्यांची जागा १०.५ सेंमी आहे. तिथे दर तुकड्याची रेघ टोकदार पेन्सिलने मारली, रंगाने नाही. ब्रशची रेघच दीड मिमीची होते.

अंक कुठले लिहायचे यावर थोडी चर्चा झाली. आवार एकच आहे, एका बाजूला मराठी वर्ग, दुसऱ्या बाजूला कन्नड. देवनागरी अंक कन्नड पोरांना अडतात, कन्नड अंक आपल्यांना. दोन्ही वर्गांच्या गणिताच्या वहीत असतात तेच 1, 2, 3 लिहिले. शीर्षक दोन्ही भाषांत.

७ डिसेंबर

रेघेच्या वर दर पूर्ण मीटरला लाल त्रिकोण काढायचे आणि त्याखाली लिहायचं की तो मीटर कितव्या तुकड्यात ओलांडला जातो. उलटा हिशोब: मीटरमधून गॅमा वजा करायचा, नैसर्गिक लॉगच्या पायाचा तेवढा घात काढायचा, अर्धा वजा करायचा आणि वरचा पूर्णांक घ्यायचा.

२ मीटर ४थ्या तुकड्यात, ३ मीटर ११व्या, ४ मीटर ३१व्या, ५ मीटर ८३व्या, ६ मीटर २२७व्या, ७ मीटर ६१६व्या. दर मीटरला लागणारे तुकडे सुमारे २.७ पटीने वाढतात: ८३ भागिले ३१, २२७ भागिले ८३, ६१६ भागिले २२७, सगळे २.६८ ते २.७४ मध्ये. ही पट नैसर्गिक लॉगच्या पायाकडे, २.७१८ कडे जाते. निळ्या खुणांमध्ये पट दोनची आणि अंतर ६९ सेंमीचं. लाल खुणांमध्ये अंतर एक मीटर आणि पट २.७१८. एकच गोष्ट दोन बाजूंनी.

६ मीटरच्या त्रिकोणाशी वाद झाला. भिंतीवर २२६ ची खूण बरोबर ६ मीटरवर बसते, टेपने कितीही मोजा. मग २२७ का लिहिलं? उलट्या हिशोबात २२६.००९ आलं, म्हणजे २२६ तुकडे पुरत नाहीत, पण जेमतेम. २२६ पर्यंतची बेरीज ५.९९९९६ मीटर, तूट ०.०४ मिमी. पेन्सिलच्या रेघेची जाडीही याच्या कित्येक पट. हे टेपने ठरणार नाही, हिशोबानेच ठरतं. त्रिकोणाखाली २२७च ठेवलं आणि २२६ च्या खुणेला बारीक तारा केला, म्हणजे कुणी विचारेल.

उजव्या खांबापर्यंत ५४ सेंमी गिलावा मोकळा उरला आहे. तेवढ्यात १००१ पासून १७२४ पर्यंतचे तुकडे बसतील, आणि वाटेत १६७४व्या तुकड्यात ८ मीटर ओलांडला जाईल. तो आठवा त्रिकोण आत्ताच काढला, रेघ मात्र हजारवर थांबवली. नवव्यासाठी ४५५० तुकडे आणि खांबापलीकडे आणखी ९७ सेंमी भिंत लागेल; पलीकडे मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार आहे.

उरलं: पेन्सिलीच्या खुणांवर वार्निशचा एक हात. ब्रश आडवा न ओढता उभा मारायचा, नाहीतर शिसं पुसलं जातं.